जड दगड जास्त पाणी चढवतो?

“दगड जितका जड, तितकं मोजपात्रातलं पाणी जास्त वर चढतं ना?”

नाही. बुडालेला दगड आपल्या आकारमानाइतकंच पाणी बाजूला सारतो, वजन कितीही असो. गैरसमजाचं मूळ बहुधा होडीत आहे. माल भरला की होडी आणखी खाली बसते, कारण तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी सारते. बुडालेल्या दगडाला तो नियम लागू नाही.

१०० मिलीच्या मोजपात्रात ५० मिली पाणी घ्या. किनाऱ्यावरचा ५८ ग्रॅमचा काळा गोटा दोऱ्याला बांधून हळूच सोडा. टाकलात तर पाणी उडेल, काचही फुटेल. डोळे पाण्याच्या पातळीत आणून पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा तळ वाचा. ७० आलं, तर आकारमान २० घन सेंमी.

आता तेवढ्याच आकाराचा जांभ्याचा तुकडा घ्या, ४० ग्रॅमचा. पाणी तितकंच, ७० पर्यंत चढेल. पण थांबा, जांभा इथे दगा देतो! त्याच्या भोकांतून बुडबुडे निघत राहतात, आत पाणी शिरतं आणि पातळी हळूहळू ६८ वर येते. ते १८ म्हणजे भरलेली भोकं वगळून उरलेलं आकारमान. भोकांसकट हवं असेल तर तुकडा बुडबुडे थांबेपर्यंत आधी वेगळ्या पाण्यात भिजवा, बाहेरून ओल्या फडक्याने टिपा आणि मग मोजपात्रात सोडा. पातळी ७० वर स्थिर राहील. मोठी, उघडी भोकं मात्र टिपताना रिकामी होतात, तिथे ही युक्ती चालत नाही.