घर विकल्यावरचा कर वाचवताना ‘दोन वर्षे आहेत’ या भरवशावर राहू नका

राहते घर विकून झालेल्या नफ्यातून दुसरे घर घेतले की कर लागत नाही, हे बहुतेकांना माहीत असते. त्यासाठी दोन वर्षे मिळतात हेही माहीत असते. पैसे या दोन वर्षांत कुठे ठेवायचे असतात, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते आणि सूट जाते ती याच कारणाने. माणसे प्रामाणिकपणे घर शोधत असतात, पैसाही तसाच्या तसा बँकेत असतो, तरी नोटीस येते. कारण तो पैसा साध्या मुदत ठेवीत असतो. कायद्याला तो एका ठरावीक खात्यात हवा असतो, तोही रिटर्नच्या मुदतीच्या आत.

आधी पात्रता थोडक्यात. घर तुमच्याकडे 24 महिन्यांपेक्षा जास्त काळ असले पाहिजे, विकणारी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असले पाहिजे आणि नवे घर भारतातच हवे. पुण्याचा फ्लॅट विकून मुलाकडे अमेरिकेत घर घेतले तर सूट नाही. दुकान किंवा मोकळा प्लॉट विकला असेल तर कलम वेगळे लागते आणि अटीही वेगळ्या, ते येथे घेत नाही. 1961 च्या प्राप्तिकर कायद्यात घराच्या बदल्यात घर हे कलम 54 आणि घराऐवजी ठरावीक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत नफा गुंतवण्याचे कलम 54ईसी. 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा लागू आहे. त्यानंतरच्या विक्रीसाठी हीच कलमे अनुक्रमे 82 आणि 85 झाली आहेत. बँकेत आणि सीएकडे मात्र अजून ‘चोपन्न’च म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

गुंतवायचा असतो तो नफा. विक्रीची सगळी रक्कम गुंतवायची गरज नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की लोक नको तेवढे मोठे घर घेतात आणि वर कर्जही काढतात.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. समजा डोंबिवलीच्या एका निवृत्त शिक्षिकेने आपला फ्लॅट 12 सप्टेंबर 2025 रोजी 90 लाखांना विकला. दलाली आणि विक्रीचा इतर खर्च एक लाख. फ्लॅट 2009 मध्ये मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून 22 लाखांना पडला होता. म्हणजे नफा 67 लाख. (23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक धरून 20 टक्क्यांच्या जुन्या पद्धतीने हिशेब करून पाहण्याची मुभा निवासी भारतीयांना आहे. सीएकडून दोन्ही आकडे जरूर काढून घ्या. येथे समजायला सोपे म्हणून सरळ वजाबाकी आणि साडेबारा टक्के धरतो.) काहीच केले नाही तर, 50 लाखांवरच्या उत्पन्नाला लागणारा अधिभार सोडून, उपकरासह 13 टक्के, म्हणजे 8 लाख 71 हजार रुपये कर.

बाईंनी त्यातले 20 लाख रोख्यांत घातले. उरलेल्या 47 लाखांचे घर घ्यायचे ठरवले. बांधकाम सुरू असलेल्या एका इमारतीत जून 2026 मध्ये फ्लॅट घेऊन करार नोंदवला आणि बिल्डरला 10 लाख दिले. उरलेले 37 लाख सहकारी बँकेत मुदत ठेवीत ठेवले, कारण बिल्डर स्लॅबप्रमाणे हप्ते मागणार होता आणि तोवर बरे व्याज मिळणार होते. व्यवहारी माणूस हेच करील.

आणि चूक येथेच होते. 2025-26 या वर्षाच्या रिटर्नची मुदत त्यांच्यासाठी 31 जुलै 2026. त्या तारखेपर्यंत नव्या घरासाठी जे खर्च झाले नाही, ते ‘कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीम, 1988’ खालच्या खात्यात जमा असले पाहिजे. मुदत ठेव त्याच बँकेत असली तरी चालत नाही, बचत खात्यात स्वतंत्र ठेवले तरी चालत नाही. बाईंच्या 37 लाखांवरची सूट गेली आणि 4 लाख 81 हजार रुपये कर लागला. घर त्यांनी खरोखर घेतले, पैसेही पुढे बिल्डरलाच गेले, तरीही. आपल्याकडे तर मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये याच मुद्द्यावर करदात्याच्या विरोधात निकाल दिला आहे. तेथे उशिरा रिटर्न भरेपर्यंत जेवढे बिल्डरला दिले होते, तेवढ्यापुरतीच सूट राहिली. इतर काही राज्यांची उच्च न्यायालये उदार झाली आहेत, पण महाराष्ट्रातल्या माणसाने त्यांच्या निकालांवर झोप काढू नये.

म्हणून दोन घड्याळे वेगळी ठेवा. विक्रीच्या तारखेपासून मोजायची मुदत ही घराची: तयार घर विक्रीच्या आधी एक वर्ष ते नंतर दोन वर्षे, बांधायचे असेल तर तीन वर्षे. रिटर्नच्या तारखेपर्यंतची मुदत ही पैशाची. पहिल्या घड्याळात कितीही वेळ शिल्लक असला तरी दुसरे थांबत नाही. यात एक अन्यायही आहे. जूनमध्ये विकणाऱ्याला पैसे ठेवायला वर्षाहून जास्त वेळ मिळतो आणि मार्चमध्ये विकणाऱ्याला जेमतेम चार महिने. कायदा तसाच आहे. यंदा रिटर्नची मुदत वाढेल या आशेवरही राहू नका.

हे खाते उघडणे कागदावर सोपे आहे: फॉर्म ए, पॅन, आधार, फोटो, चेक. अडचण वेगळीच असते. ग्रामीण शाखांत हे खाते उघडता येत नाही. शहरातल्या शाखेतही खिडकीवरचा माणूस अनेकदा ‘असे काही खाते नसते’ असे सांगून मोकळा होतो. वयस्कर माणूस ते खरे मानून परत जातो, याचा मला फार संताप येतो. अशा वेळी योजनेचे पूर्ण नाव लिहून न्या, शाखा व्यवस्थापकाला भेटा, त्यांच्याकडे नसेल तर कोणत्या शाखेत आहे ते विचारा. आणि हे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात करू नका.

खात्याचे दोन प्रकार आहेत. ‘ए’ हे बचत खात्यासारखे, ‘बी’ हे मुदत ठेवीसारखे. बिल्डरचे हप्ते जवळ असतील तर ‘ए’ बरे. पहिल्यांदा पैसे काढताना फॉर्म सी, पुढच्या प्रत्येक वेळी फॉर्म डी. फॉर्म डीमध्ये आधी काढलेले पैसे कशावर खर्च केले ते लिहावे लागते. काढलेली रक्कम 60 दिवसांत घरावरच खर्च झाली पाहिजे, उरली तर परत त्याच खात्यात भरायची. या खात्यावरचे व्याज करपात्र आहे. रिटर्नमध्ये खाते क्रमांक, आयएफएससी आणि जमा केल्याची तारीख लिहावी लागते, म्हणून पासबुक आधी हातात घ्या आणि मगच रिटर्न भरा.

आता रोखे. विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे आपल्या उदाहरणात 12 मार्च 2026 च्या आत. येथे रिटर्नच्या तारखेचा काही संबंध नाही आणि मुदतवाढही नाही. लोक दोन्ही मुदती एकत्र करून जुलैमध्ये रोखे घ्यायला येतात, तेव्हा काहीच करता येत नाही. कमाल 50 लाख. विक्रीच्या आणि त्यापुढच्या आर्थिक वर्षात विभागून घेतले तरी एकूण मर्यादा तीच. आरईसी, पीएफसी, आयआरएफसी यांचे रोखे सहसा मिळतात. पैसे पाच वर्षे अडकतात, व्याज साधारण सव्वापाच टक्के आणि तेही करपात्र. या रोख्यांवर कर्ज काढले तर ते विकले असे धरून सूट मागे घेतली जाते. बाईंचे 20 लाख रोख्यांत गेल्याने 2 लाख 60 हजारांचा कर वाचला. अर्जातले नाव आणि पॅन घर विकणाऱ्याचेच हवे. दोघांच्या नावावर घर असेल तर नफा हिश्श्याप्रमाणे वाटला जातो आणि ज्याने त्याने आपले रोखे आपल्या नावाने घ्यायचे.

नावाचा हा घोळ नव्या घरातही होतो. ‘आपले काय, आता सगळे मुलाचेच’ असे म्हणून आई-वडील करार थेट मुलाच्या नावाने करतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2008 मध्ये मुलाच्या नावाने घेतलेल्या घरावर सूट नाकारली आहे. पत्नीच्या नावाच्या घराला दिल्ली उच्च न्यायालयाने मान्यता दिली आहे, पण तो वाद आपण कशाला ओढवून घ्यायचा? करारात विकणाऱ्याचे नाव पहिले ठेवा आणि पैसे त्याच्याच खात्यातून जाऊ द्या. मुलाला पुढे मृत्युपत्राने देता येईल.

कागदपत्रांत विक्रीचा करार, इंडेक्स टू, नव्या घराचा करार आणि बँकेचे उतारे सगळ्यांकडे असतात. नसतात ती जुन्या घरावर केलेल्या खर्चाची बिले. बाल्कनी आत घेतली, खोली वाढवली, पण मिस्त्रीला पैसे रोख दिले. असा खर्च मोघम आकड्याने दाखवू नका. बिल, बँकेची नोंद किंवा सोसायटीचे परवानगीपत्र यांपैकी काहीतरी लागते, आणि रंगकाम किंवा फर्निचर त्यात धरले जात नाही. घर तुम्ही, किंवा ते वडिलांकडून आले असेल तर वडिलांनी, 1 एप्रिल 2001 पूर्वी घेतलेले असेल तर त्या तारखेच्या किमतीचा नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्या. तेव्हाचे मुद्रांक मूल्य मिळत असेल तर मूल्यांककाला त्याच्या वर जाता येत नाही. हे कागद रिटर्नसोबत जोडायचे नसतात, म्हणून लोक गोळाच करत नाहीत. नोटीस आल्यावर मात्र उत्तराला थोडेच दिवस मिळतात.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला तीन वर्षांची मुदत मिळते, असे अनेक न्यायाधिकरणांनी मानले आहे. मात्र मुळातली परिपत्रके (1986 आणि 1993) प्राधिकरणांच्या आणि सहकारी संस्थांच्या योजनांवर होती, त्यामुळे अधिकारी हरकत घेऊ शकतो. बिल्डरने ताबा लांबवला तर तुम्ही पैसे वेळेत दिल्याचा पुरावाच तुमच्या कामी येतो. प्रत्येक हप्त्याची पावती आणि त्या स्लॅबचे मागणीपत्र जपून ठेवा.

तीन वर्षांनंतरही खात्यात पैसे उरले तर त्या वर्षीचा नफा म्हणून त्यांवर कर भरायचा. मग खाते बंद करायला फॉर्म जी लागतो, त्यावर प्राप्तिकर अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते आणि तिला वेळ लागतो. शिवाय नवे घर तीन वर्षांच्या आत विकले तर मिळालेली सूट त्याच्या खरेदी किमतीतून वजा होते आणि आज वाचलेला कर तेव्हा बसतो.