तेलाचा डाग चालतो, मग धूसर फोटो का चालत नाही?

क्यूआर कोडचा जन्म जपानमधला, 1994 सालचा. डेन्सो ही टोयोटा समूहातली वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. तिथल्या मासाहिरो हारा यांच्या चमूने हा कोड कारखान्यासाठी तयार केला. बारकोडात माहिती फार थोडी मावायची, शिवाय त्यातला शेवटचा अंक वाचन चुकलंय एवढंच सांगतो, चूक दुरुस्त करत नाही. कारखान्यात तर लेबलांना तेल आणि मळ लागणारच. म्हणून नव्या कोडात रीड आणि सॉलोमन यांची 1960 सालची गणिती पद्धत घेतली. काही भाग पुसला गेला तरी उरलेल्यावरून ती मूळ मजकूर काढून देते.

धूसर फोटोपुढे ती का हरते, याचं मूळ इथेच आहे. 29 × 29 घरांचा, मध्यम दुरुस्ती-पातळीचा कोड घ्या. त्यातली माहिती आठ-आठ घरांच्या 70 गटांत असते आणि त्यातले 13 गट चुकले तरी चालतात. गटातलं एक घर चुको की आठही, हिशेबात तो एकच चुकलेला गट. गटांतली मिळून 560 घरं होतात. त्यातली 28, म्हणजे 5 टक्के, एका डागाखाली गेली तर पाच-सात गट बिघडतील आणि कोड आरामात वाचला जाईल. तीच 28 घरं धूसरपणामुळे कोडभर विखरून चुकली, तर साधारण 24 गट बाद होतात. नुकसान तेवढंच, पण कोड गेला. ही पद्धत डाग गृहीत धरून निवडलेली होती, हे मला इथे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

बरेचदा गाडी इथवर पोचतही नाही. कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन स्कॅनर 1:1:3:1:1 या काळ्या-पांढऱ्या प्रमाणावरून ओळखतो. त्यातली पांढरी कडी एकाच घराएवढी रुंद असते. फोटोत कोड 60 पिक्सेल रुंद असेल तर एका घराला जेमतेम दोन पिक्सेल येतात. त्यात हात हलला की कडी करडी होते आणि स्कॅनरला तिथे कोड आहे हेच कळत नाही.

अशा वेळी हाताने काम करावं लागतं. फोटो मोठा करून त्यावर 29 × 29 ची जाळी बसवायची. मोठ्या चौकोनांना जोडणारी, एकाआड एक काळ्या-पांढऱ्या घरांची पट्टी जाळीचं माप देते. मग एकेक घर वाचायचं आणि करड्या घरावर अंदाज न बांधता त्याचा गट ‘माहीत नाही’ म्हणून सोडायचा. जागा ठाऊक असलेला रिकामा गट या गणिताला चुकीच्या गटापेक्षा निम्म्याने स्वस्त पडतो: बाकीचे अचूक असतील तर 13 ऐवजी 26 गटही भरून निघतात. साधे स्कॅनर प्रत्येक घर काळं किंवा पांढरं ठरवून मोकळे होतात आणि ही सवलत गमावतात. घराला एक पिक्सेलही मिळत नसेल, तर मात्र फोटो कितीही ‘शार्प’ केला तरी उपयोग नाही. शेजारची घरं आधीच एकमेकांत मिसळलेली असतात.