फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी: तिच्यातला प्रश्न कुठे गेला?

लेटरहेडवर पेशंटचं नाव, वय, खाली एका ओळीत 'अशक्तपणा, दोन महिने' आणि त्याखाली 'कृपया तपासून योग्य ते करावे'. फॅमिली डॉक्टरकडून तज्ज्ञाकडे जाणाऱ्या कितीतरी चिठ्ठ्या अशाच असतात: इंग्रजीत, घाईत, बाहेर पेशंट ताटकळत असताना खरडलेल्या. त्यात डॉक्टरचा आळस शोधणं सोपं आहे. पण चिठ्ठी इतकी आक्रसली त्यामागे दोन-अडीचशे वर्षांची कारणं आहेत, आणि ती सगळीच आळसाची नाहीत.

सुरुवात 18व्या शतकातल्या एडिंबरापासून करावी लागते. तिथले वैद्यकाचे प्राध्यापक विल्यम कलन (1710–1790) यांच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या अनेक रुग्णांचं तोंडही त्यांनी कधी पाहिलं नाही. प्रवास महाग आणि त्रासाचा, म्हणून माणसाऐवजी पत्र जायचं. कधी रुग्ण स्वतः लिहायचा, कधी नातेवाईक, आणि पुष्कळदा गावातला सर्जन किंवा औषधविक्या वैद्य. आलेली पत्रं कलन जपून ठेवत आणि आपल्या उत्तरांची नक्कलही काढून घेत. आधी हे काम लेखनिक करायचा. 1781पासून त्यांनी जेम्स वॉट यांचं नक्कलयंत्र वापरायला घेतलं. शाईने लिहिलेल्या पत्रावर ओलसर पातळ कागद दाबायचा, की अक्षरं त्यावर उलटी उमटायची. मग तो कागद मागच्या बाजूने वाचायचा. असे पाच हजारांहून अधिक कागद एडिंबराच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये आजही आहेत.

त्या काळचं चांगलं पत्र आपल्याला वाचायला दमवणारं वाटेल. दुखणं कधी सुरू झालं, आधी काय झालं होतं, भूक, झोप, शौच, लघवी, नाडी, कोणती औषधं दिली आणि त्यांनी काय केलं, हे सगळं त्यात असायचं. कारण उघड आहे. ज्याचा सल्ला घ्यायचा त्याच्यासमोर शरीर नव्हतं, त्याच्यासाठी पत्र हेच शरीर होतं. आणि शेवटी प्रश्न असायचाच, कारण प्रश्न नसेल तर एवढं लिहून पाठवायचं कशाला? गावातला वैद्य पेशंट सोपवत नव्हता, तो स्वतःच उपचार करणार होता. त्याला फक्त पुढचं पाऊल विचारायचं होतं.

पत्राचं हे वजन उतरवलं ते तपासणीने. 1816मध्ये पॅरिसला रेने लेनेक यांनी कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावून ऐकलं आणि त्यातून स्टेथोस्कोप आला. पुढच्या काही दशकांत छाती ठोकून पाहणं, ऐकणं, पोट चाचपणं हा डॉक्टरी तपासणीचा गाभा झाला. आता दुरून सल्ला देणं अपुरं वाटू लागलं. रेल्वे आली, मोठी इस्पितळं आली, आणि पत्राऐवजी पेशंट स्वतः जाऊ लागला. माणूस समोर बसणार असेल तर त्याचं वर्णन कशाला, हा विचार तेव्हापासूनचा आहे. त्यातली चूक अशी, की समोर बसलेला माणूस आज कसा आहे ते दाखवतो. आठ महिन्यांपूर्वी कसा होता, हे त्याला पाहून कळत नाही.

पुढचा बदल पोटापाण्याच्या भांडणातून झाला. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधल्या धर्मादाय इस्पितळांच्या बाह्यरुग्ण विभागांत तोबा गर्दी व्हायची, कारण तिथे पैसे पडत नसत. गल्लीतल्या डॉक्टरांची तक्रार होती, की फी देऊ शकणारे लोकही तिकडेच जातात आणि आमची चूल विझते. हळूहळू तडजोड ठरली. इस्पितळं तज्ज्ञांची, पेशंट फॅमिली डॉक्टरचा, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जायचं तर चिठ्ठी घेऊन. 1911च्या नॅशनल इन्शुरन्स कायद्याने कामगारांची नावं डॉक्टरांच्या यादीत बांधली आणि 1948मध्ये आलेल्या नॅशनल हेल्थ सर्व्हिसने हा रिवाज सगळ्या देशासाठी पक्का केला. याचे फायदे मोठे होते, तेही मान्य करायला हवेत. पण चिठ्ठीचा जन्म सल्ला विचारण्यासाठी झाला होता आणि आता ती गेटपास झाली. गेटपासवर प्रश्न लिहायची गरज नसते, नाव आणि सही पुरते.

आपल्याकडे मात्र फाटकच नव्हतं. 1946च्या भोर समितीने प्राथमिक केंद्रापासून जिल्हा इस्पितळापर्यंतची उतरंड सुचवली. सरकारी व्यवस्थेत ती कागदावर आहेही, आणि ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला 'रेफर' झालेला माणूस केस पेपर हातात घेऊन फिरताना दिसतोच. खासगीत कुणीही उठून थेट हृदयरोगतज्ज्ञाकडे जाऊ शकतो. मग चिठ्ठी कशासाठी उरली? एक तर ओळखीसाठी, 'आमचा माणूस आहे, नीट बघा' म्हणून. आणि दुसरं, जे सगळ्यांना माहीत असतं, कटसाठी. पेशंट कुणाकडून आला हे चिठ्ठीवरून कळतं आणि महिनाअखेरीला त्याचा हिशोब होतो. असं सगळेच करत नाहीत. पण व्यवहार असा असेल तिथे चिठ्ठीवरची सगळ्यात महत्त्वाची ओळ लेटरहेडचीच ठरते, मजकुराची नाही.

नियम काय सांगतो, ते फार स्पष्ट आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002च्या आचारसंहितेनुसार पेशंट तज्ज्ञाकडे पाठवताना उपचार करणाऱ्या डॉक्टरने त्याच्या आजाराचा सारांश द्यायचा आहे आणि तज्ज्ञाने आपलं मत त्याच डॉक्टरला लेखी कळवायचं आहे. म्हणजे पत्र दोन्ही बाजूंनी. त्याच संहितेत पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन देणं-घेणं निषिद्ध आहे. 2017मध्ये महाराष्ट्र सरकारने कट प्रॅक्टिसविरुद्ध वेगळ्या कायद्याचा मसुदा करवून घेतला. कमिशनची चर्चा वर्तमानपत्रांतून खूप झाली. सारांश आणि उत्तराच्या नियमाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही, आणि पेशंटचं रोजचं नुकसान तिथेच जास्त होतं असं मला वाटतं.

ते कसं होतं हे एका उदाहरणावरून पाहू. पेशंट कल्पनेतला आहे, पण कुठल्याही तालुक्याच्या गावी सापडेल असा. वय 61, निवृत्त शिक्षक, दोन महिन्यांपासून जिना चढताना दम लागतो. हिमोग्लोबिन 9.2. फॅमिली डॉक्टर त्यांना शहरातल्या पोटविकारतज्ज्ञाकडे पाठवतात. वर दिलेली एका ओळीची चिठ्ठी नेली तर तज्ज्ञाला ते गुरुजी आणि पिशवीतले रिपोर्ट एवढंच दिसेल. नीट लिहिलेली चिठ्ठी, मराठीत आणली तर, साधारण अशी होईल:

'रक्त कमी कशाने होतंय याचा शोध घ्यावा, ही विनंती. हिमोग्लोबिन आठ महिन्यांपूर्वी 13.4 होतं, आता 9.2. पेशी लहान आहेत (एमसीव्ही 70), फेरिटिन 8, म्हणजे लोहाची कमतरता. आठ महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, एक स्टेंट बसवला. तेव्हापासून अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू, आम्लपित्ताची गोळी नाही. वजन घटलेलं नाही, शौचाच्या सवयीत बदल नाही, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर नाही. पोट मऊ, गाठ लागत नाही, गुदतपासणीत रक्त नाही. लोहाच्या गोळ्या 12 दिवसांपूर्वी सुरू केल्या. शौच काळी होते म्हणतात, पण ती गोळ्यांनंतरच, आधी नव्हती. प्रश्न दोन: वरून आणि खालून दोन्ही दुर्बीण एकाच वेळी करावी का? आणि त्यासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं काय करायचं? हृदयरोगतज्ज्ञांचं मत आहे, की क्लोपिडोग्रेल वर्ष पुरं होईपर्यंत थांबवू नये.'

वाचायला एक मिनिट लागतं, लिहायला सात-आठ. तेवढ्यात काय काय टळलं ते बघा. काळी शौच हे जठरातून रक्तस्राव होत असल्याचं लक्षण आहे. पण लोहाच्या गोळ्यांनीही ती काळी होते. गोळ्या कधी सुरू केल्या ही एक तारीख नसेल, तर तज्ज्ञ रक्तस्राव चालू आहे असं समजून तातडीने भरती करू शकतो. उलट बाजूही आहे. गोळ्या चालू असताना आतडं काळ्या मळाने माखलेलं राहतं आणि खालची दुर्बीण नीट होत नाही, म्हणून त्या साधारण आठवडाभर आधी बंद ठेवतात. हे सांगायचं तर त्या चालू आहेत हे आधी कळलं पाहिजे.

स्टेंटची ओळ तर त्याहून मोलाची. दुर्बिणीची तारीख देताना फोनवर 'रक्त पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस बंद करा' असं सरसकट सांगितलं जातं. कुणी विचारलं नाही आणि गुरुजींना सांगावंसं वाटलं नाही, तर आठ महिन्यांच्या स्टेंटवर दोन्ही गोळ्या बंद होतात. अशाने स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा हार्ट अटॅक येऊ शकतो, आणि तो रक्तक्षयापेक्षा कितीतरी धोक्याचा. नुसतं पाहणं आणि छोटे तुकडे काढणं हे सहसा गोळ्या चालू ठेवूनही करता येतं. मोठी गाठ कापायची असेल तेव्हाच प्रश्न गंभीर होतो, आणि तो हृदयरोगतज्ज्ञाला विचारून सोडवायचा असतो.

'नाही'ने संपणाऱ्या ओळीही चिठ्ठीतला जागाभराव नाहीत. वजन घटलेलं नाही, एवढं वाचून तज्ज्ञाला कळतं की हे विचारून झालंय. नुसतं न लिहिलेलं असेल तर न विचारलेलं, की विचारून नसलेलं, हे त्याला कधीच कळत नाही.

आणि क्रम. कलन यांच्या काळी प्रश्न शेवटी असला तरी चालायचं, वाचणाऱ्याला सगळं पत्र वाचणं भागच होतं. आज तज्ज्ञ पहिल्या दोन ओळी वाचतो आणि पेशंटकडे वळतो. म्हणून मुख्य विनंती पहिल्या ओळीत हवी, तपशील नंतर.

आता उत्तर. या उदाहरणात ते असं येईल: जठराच्या खालच्या भागात छोटी जखम, तुकडा जंतूच्या तपासणीसाठी पाठवला आहे. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला दीड सेंटिमीटरचा पॉलिप दिसला, क्लोपिडोग्रेल चालू असल्याने आज काढला नाही, फक्त तुकडा घेतला. पॅन्टोप्रॅझोल सुरू करा. ओमेप्रॅझोल नको, ते क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करतं. लोह पुन्हा चालू करा, हिमोग्लोबिन ठीक झाल्यावरही तीन महिने. तुकड्याचा अहवाल साधा आला तर पॉलिप चार महिन्यांनी, स्टेंटचं वर्ष पुरं झाल्यावर, हृदयरोगतज्ज्ञांना विचारून काढू.

यातलं शेवटचं वाक्य कुणाच्या डायरीत लिहिलं जातं? तज्ज्ञाकडे गुरुजी एकदाच आले होते. गुरुजींना दम लागणं थांबलेलं असेल, त्यामुळे ते आपणहून जाणार नाहीत. उत्तर फॅमिली डॉक्टरपर्यंत पोचलं तरच चार महिन्यांनी कुणीतरी फोन करेल. आपल्याकडे ते बहुतेकदा फाइलमध्ये लागतं आणि फाइल पेशंटच्या कपाटात जाते. म्हणून काही डॉक्टर चिठ्ठीच्या तळाशी आपला नंबर देऊन लिहितात: 'उत्तराचा फोटो या नंबरवर पाठवावा', आणि पेशंटला बजावतात, की परत येताना कागद दाखवल्याशिवाय घरी जायचं नाही.