खासगी शाळेविरुद्ध रिट याचिका: कोण करू शकतं, कागद कोणते लागतात

नोकरीवरून काढलेले शिक्षक किंवा प्रवेश नाकारलेल्या मुलांचे पालक नेहमी विचारतात, "शाळा सरकारी नाही, मग हायकोर्टात जाता येतं का?" जाता येतं, पण प्रत्येक तक्रारीसाठी नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 मध्ये उच्च न्यायालय 'कोणत्याही व्यक्तीला' आदेश देऊ शकतं, असे शब्द आहेत. असा आदेश मागणारी याचिका म्हणजे रिट. अहमदाबादच्या एका ट्रस्टने कॉलेज बंद केलं आणि प्राध्यापकांची देणी थकवली. त्या खटल्यात 1989 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संस्थेचं स्वरूप फारसं महत्त्वाचं नाही, तिच्यावर असलेलं कर्तव्य कसलं आहे ते पाहायचं. त्या कॉलेजला सरकारी अनुदान आणि विद्यापीठाची संलग्नता होती.

हाच निकाल पुढे करून अनेक जण अडकतात. 2022 मध्ये सेंट मेरीज एज्युकेशन सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रेघ स्पष्ट केली. शिक्षण देणं हे सार्वजनिक काम असलं, तरी ज्या कृतीविरुद्ध तक्रार आहे तिचा त्या कामाशी थेट संबंध हवा. विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्याची नोकरी केवळ खासगी करारावर असेल, तर रिट चालत नाही. सेवाशर्ती कायद्याने ठरलेल्या असतील, तर गोष्ट वेगळी.

एक उदाहरण घेऊ. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 12(1)(c) खाली वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखीव जागांच्या सोडतीत नाव लागलेल्या मुलाला शाळेने परत पाठवलं. हे कर्तव्य कायद्याने लादलेलं आहे, म्हणून रिटचा पाया पक्का. त्याच शाळेने एका शिक्षिकेला काढलं, तर महाराष्ट्रात आधी खासगी शाळा कर्मचारी कायदा, 1977 चं कलम 9 बघायचं. त्याखाली आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. हा मार्ग सोडून थेट रिट केली, तर 'पर्यायी उपाय आहे' म्हणून ती परत येण्याची शक्यता मोठी, आणि तोवर मुदतही उलटलेली असते. उशिराचं सबळ कारण दिलं तर न्यायाधिकरण अपील घेऊ शकतं, पण त्यावर विसंबू नका.

रिटआधी शाळेला आणि शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी मागणी द्या आणि पोच जपून ठेवा. कर्तव्य पार पाडण्याचा आदेश मागताना न्यायालय सहसा आधी हेच विचारतं. याचिकेसोबत प्रतिज्ञापत्र, वकीलपत्र, तारखांची यादी, नकाराचं किंवा बडतर्फीचं पत्र आणि शाळेची मान्यता व अनुदान दाखवणारे कागद लावा. शाळेवरचं बंधन ज्या कायद्यातून किंवा मान्यतेच्या अटीतून येतं, तो उतारा तर हवाच. माझ्या मते हाच सर्वांत मोलाचा कागद, आणि तोच बहुतेकांकडून राहतो. नुसतं राज्य सरकारला प्रतिवादी केल्याने ही उणीव भरून निघत नाही.