उंट विरुद्ध घोडा (बुद्धिबळातील एंडगेम)

एका बाजूला राजा, उंट आणि काही प्यादी, दुसऱ्या बाजूला राजा, घोडा आणि साधारण तितकीच प्यादी उरली की जो एंडगेम तयार होतो, त्याला उंट विरुद्ध घोडा असे म्हणतात. मोजायला दोन्ही मोहऱ्यांची किंमत सारखीच, सुमारे तीन प्याद्यांइतकी धरली जाते. प्रत्यक्ष पटावर मात्र ही बरोबरी क्वचितच टिकते. प्यादी कोणत्या रंगाच्या घरांवर आहेत, ती अडकलेली आहेत की चालती आहेत आणि पटाच्या एकाच बाजूला आहेत की दोन्हीकडे, यावर कोणते मोहरे भारी ठरते ते अवलंबून असते.

दोन्ही मोहऱ्यांच्या चालीतच या झगड्याचे मूळ आहे. उंट एका चालीत पटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो. मोकळ्या पटावर मध्यभागी उभा असेल तर तो तेरा घरांवर मारा करतो. पण जन्मभर तो एकाच रंगाच्या घरांवर फिरतो, उरलेली बत्तीस घरे त्याच्यासाठी नसल्यासारखीच असतात. घोडा कोणत्याही घरावर पोहोचू शकतो, मध्ये कोण उभे आहे याची त्याला पर्वा नसते. तो हळू आहे, एवढीच त्याची अडचण. पटाच्या मध्यावर त्याला आठ घरे मिळतात, कोपऱ्यात दोनच, आणि a1 पासून h8 पर्यंत जायला त्याला सहा चाली लागतात. म्हणून प्यादी दोन्ही बाजूंना पसरलेली असली आणि समोरच्या प्याद्यांनी अडवता न येणारे एखादे मोकळे प्यादे दूरच्या पट्टीवर धावत असले, तर घोड्याची तारांबळ उडते. उंट मात्र एकाच तिरप्या रेषेवरून आपले प्यादे राखतो आणि समोरचे अडवतो. सगळी प्यादी एकाच बाजूला गोळा झाली, की उंटाच्या लांब पल्ल्याला काही काम उरत नाही आणि दोन्ही रंगांच्या घरांवर जाणारा घोडा निदान बरोबरीचा ठरतो.

आणखी एक फरक नवख्या खेळाडूच्या नजरेतून सुटतो. घोडा प्रत्येक चालीला घराचा रंग बदलतो, त्यामुळे मूळ घरावर परतायला त्याला नेहमी सम संख्येच्या चाली लागतात. एक चाल फुकट घालवून तीच स्थिती प्रतिस्पर्ध्याच्या पाळीवर आणणे त्याला एकट्याला जमत नाही. उंटाला ते सहज जमते. एंडगेममध्ये ‘झुगझ्वांग’ला, म्हणजे खेळणे भाग आहे पण कोणतीही चाल नुकसानच करते अशा अवस्थेला, फार महत्त्व असते आणि तिथे हा फरक निर्णायक होतो.

उंटाची ताकद कशी दिसते याचा नमुना म्हणून अमेरिकेचा बॉबी फिशर आणि सोव्हिएत संघाचा मार्क तैमानोव यांच्या 1971 च्या व्हँकुव्हर इथल्या कँडिडेट्स, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेतल्या, सामन्यातला चौथा डाव नेहमी दाखवला जातो. फिशरने तो सामना 6–0 असा जिंकला. या डावाच्या अखेरीस पांढऱ्याकडे (फिशरकडे) पांढऱ्या घरांवरचा उंट होता, राजा थेट a6 वर घुसला होता, आणि प्यादी a4, b2, c3, f4, g3, h4 वर होती. काळ्याकडे e7 वर घोडा, c7 वर राजा आणि a5, b6, c5, f5, g6, h5 ही प्यादी. दोन्हीकडे सहा-सहा प्यादी, मोहरे समान. पण रंग पाहा. काळ्याची f5, g6, h5 ही तिन्ही प्यादी पांढऱ्या घरांवर, म्हणजे उंटाच्या माऱ्यात आहेत. फिशरची त्या बाजूची तिन्ही प्यादी काळ्या घरांवर आहेत, त्यामुळे ती तिघे एकमेकांसमोर कायमची अडकली आहेत आणि उंटाच्या वाटेतही येत नाहीत. वजिराच्या बाजूला काळ्याची a5, b6, c5 ही प्यादी काळ्या घरांवर आहेत. त्यामुळे b5 आणि a6 ही पांढरी घरे उघडी राहिली आणि फिशरचा राजा तिथूनच आत शिरला.

आता काळ्याचा घोडा g6 राखण्यासाठी e7 वर खिळलेला आहे, राजा b6 राखण्यासाठी c7 वर. फिशरचा उंट f7 वरून g6 वर नजर ठेवून होता. 61 व्या चालीला त्याने तो e8 वर नेला. तिथूनही तो g6 वरच मारा करतो, म्हणजे काहीही न बदलता पाळी काळ्याकडे गेली. घोड्याला ही सोय नाही. घोडा हलला तर g6 जाते, आणि राजा c7 सोडतो तर b6. तैमानोवने राजा d8 वर आणून उंटावर हल्ला केला. फिशरने उंटाने g6 चे प्यादे मारले, घोड्याने उंट मारला, आणि पांढऱ्या राजाने b6 व c5 ही प्यादी गिळली. उंटाच्या बदल्यात तीन प्यादी. पुढे b4 वर अदलाबदल होऊन a आणि b पट्टीवर एकमेकांच्या आधाराने चालणारी दोन मोकळी प्यादी तयार झाली. त्यांना रोखणे एकट्या घोड्याच्या आवाक्याबाहेरचे होते. 71 व्या चालीला प्यादे b6 वर पोहोचताच तैमानोवने डाव सोडला.

हा डाव पाहून उंट नेहमीच बरा असा समज करून घेऊ नये. प्याद्यांचे रंग उलटे केले की निकालही उलटतो. पुढची स्थिती पटावर मांडून पाहावी. पांढरा: राजा d4, घोडा c5, प्यादी a3, b4, f4, g3, h2. काळा: राजा d6, उंट c8, प्यादी a6, b5, d5, f5, h5. इथेही मोहरे आणि प्यादी समान आहेत. पण काळ्याची पाचही प्यादी पांढऱ्या घरांवर, त्याच्या स्वतःच्या उंटाच्या रंगावर आहेत. अशा उंटाला ‘वाईट उंट’ म्हणतात. हल्ला करायला त्याला समोर काही नाही, कारण पांढऱ्याची h2 सकट सगळी प्यादी काळ्या घरांवर आहेत. आपल्याच f5 च्या प्याद्याने त्याची वाट अडवल्यामुळे त्याच्याजवळ b7, d7 आणि e6 एवढीच तीन घरे उरतात, आणि त्या तिन्हींवर c5 च्या घोड्याचा मारा आहे. शिवाय a6 सुद्धा त्याच घोड्याच्या टप्प्यात आहे.

पांढऱ्याची पाळी असेल तर तो h2 चे प्यादे शांतपणे h4 वर नेतो. आता काळ्याला खेळायचे आहे. उंट b7 वर गेला तर फुकट जातो. d7 वर गेला तर घोडा त्याला मारतो, राजा घोड्याला मारतो, आणि पांढरा राजा d5 चे प्यादे खातो. e6 वर गेला तरी घोडा त्याला मारतो, राजा परत मारतो, मग पांढरा राजा c5 वर येतो आणि काळ्या राजाला e6 वर थांबून d5 राखता येत नाही, कारण पाळी त्याचीच असते. काळा राजा c7 किंवा e7 वर सरकला तर d5 लगेच जाते. c6 वर आला तर पांढरा राजा e5 वर उतरतो, आणि d5 व f5 दोन्ही एकाच वेळी धोक्यात येतात. a6 चे प्यादे a5 वर ढकलले तर ते b4 च्या प्याद्याला बळी पडते. एवढ्या सगळ्या चालींमध्ये एकही सुरक्षित नाही.

या स्थितीतले खरे रहस्य घोड्यात नसून h2 च्या प्याद्यात आहे. ते आधीच h4 वर असते आणि पाळी पांढऱ्याची असती, तर वाट पाहण्याची चालच उरली नसती. घोडा हलवला की उंट सुटतो, राजा मागे घेतला की काळ्या राजाला श्वास मिळतो. घोड्याला चाल वाया घालवता येत नाही, म्हणून ते काम प्याद्याकडून करून घ्यावे लागते. घोडा घेऊन एंडगेममध्ये उतरणाऱ्याने एखादे प्यादे मुद्दाम मूळ घरावर राखून ठेवणे म्हणूनच फायद्याचे असते. कित्येक जिंकलेले डाव घाईघाईने ढकललेल्या एका प्याद्यापायी बरोबरीत सुटतात.

प्यादी कोणत्या रंगावर ठेवावीत, याबद्दल माजी जगज्जेता कापाब्लांका याच्या नावाने एक नियम सांगितला जातो. आपल्याकडे उंट असेल तर आपली प्यादी त्याच्या विरुद्ध रंगावर ठेवावीत. समोरच्याकडे उंट असेल आणि आपल्याकडे नसेल तर ती त्या उंटाच्याच रंगावर ठेवून त्याची वाट अडवावी. पहिला भाग जवळजवळ नेहमी खरा ठरतो. दुसरा भाग तपासून वापरावा लागतो. उंटाच्या रंगावरची प्यादी उंटाला अडवतात खरी, पण ती त्याचे लक्ष्यही होतात. तैमानोवचे g6 चे प्यादे याच रंगावर होते, आणि त्याला राखायला घोड्याशिवाय कुणी नव्हते. उंटासमोरची प्यादी एकमेकांना किंवा राजाच्या आधाराने धरून असतील तरच ही भिंत उपयोगी पडते.

मोकळ्या पटावर घोड्याची आणखी एक कोंडी नेमकी ओळखता येते. घोडा पटाच्या कडेला असेल आणि उंट त्याच आडव्या पट्टीत त्याच्यापासून तीन घरे अंतरावर उभा असेल, तर घोड्याची चारही घरे उंटाच्या माऱ्यात येतात. उदाहरणार्थ घोडा a5 वर आणि उंट d5 वर. घोडा b3, c4, c6, b7 यांपैकी कुठेही गेला तरी मारला जातो. मग राजाने सावकाश चालत येऊन त्याला टिपायचे असते. त्यामुळे बाजूच्या पट्टीवरचे मोकळे प्यादे हे घोड्याचे सर्वांत वाईट दुखणे आहे. त्याला अडवायला कडेला जावे लागते आणि तिथेच तो सापडतो.

तरीही कडेच्या प्याद्याबाबत उंटाच्याही मर्यादा आहेत. पांढऱ्या घरांवरचा उंट आणि h पट्टीवरचे पांढरे प्यादे एवढेच उरले आणि काळा राजा h8 च्या कोपऱ्यात पोहोचला, तर डाव बरोबरीत जातो, कारण h8 हे काळे घर आहे आणि उंट त्या राजाला तिथून हुसकावू शकत नाही. हारत चाललेल्या घोडेवाल्याने ही वाट डोळ्यांसमोर ठेवावी: घोडा देऊन कडेचे सोडून उरलेले शेवटचे प्यादे मारायचे आणि राजाने कोपरा गाठायचा. a पट्टीवरच्या प्याद्यासमोर मात्र पांढऱ्या घरांच्या उंटाविरुद्ध ही युक्ती चालत नाही, कारण a8 हे पांढरे घर आहे.