दीपगृहाचा दिवा, विहिरीचे पाणी आणि वस्तूंचे चार प्रकार

वस्तूंचे खाजगी, सार्वजनिक, क्लब आणि सामायिक असे चार प्रकार आज पाठ्यपुस्तकात एकाच चौकटीत दिसतात, पण ती चौकट एका बैठकीत तयार झालेली नाही. तिच्यामागे दोन प्रश्न आहेत. एकाने वापरली की दुसऱ्याला कमी पडते का? पैसे न देणाऱ्याला अडवता येते का? हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे कळायलाच अर्थशास्त्रज्ञांना बराच काळ लागला, आणि किंमत ठरवण्यातला सगळा घोळ तिथेच होतो.

जुने उदाहरण दीपगृहाचे. जॉन स्टुअर्ट मिलने 1848 मध्ये लिहिले होते की दीपगृहाचा फायदा घेणाऱ्या जहाजाकडून भर समुद्रात पैसे वसूल करता येत नाहीत, म्हणून ते सरकारने उभारावे. 1954 मध्ये पॉल सॅम्युएल्सनने सार्वजनिक वस्तूची नेमकी व्याख्या केली, पण त्याचा भर पहिल्या प्रश्नावर होता: एकाच्या वापराने दुसऱ्याचा वाटा कमी न होणे. अडवता येण्याचा मुद्दा रिचर्ड मस्ग्रेव्हने 1959 च्या आपल्या ग्रंथात ठळकपणे मांडला.

पुढे 1974 मध्ये रोनाल्ड कोसने इंग्लंडची जुनी कागदपत्रे काढून दाखवले की तिथे दीपगृहांचा खर्च जहाजांकडूनच निघत असे. वसुली समुद्रात नव्हे, बंदरात होई. भारतातही 1927 च्या दीपगृह कायद्याखाली बंदरात येणाऱ्या जहाजांकडून असेच शुल्क घेतले जाई. म्हणजे मिलचा ‘अडवता येत नाही’ हा आधार पुरता टिकला नाही.

तरीही सॅम्युएल्सनचा मुद्दा उरतोच, आणि मला तो या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. समजा, शुल्क पाच रुपये आहे आणि एका लहान गलबताला त्या दिव्याचा फायदा दोन रुपयांचाच आहे. ते गलबत शुल्क टाळायला दुसऱ्या बंदराकडे वळेल. त्याचे दोन रुपये बुडाले, दीपगृहाचा मात्र एक पैसाही वाचला नाही, कारण दिवा तसाही जळतच होता. जिथे आणखी एका वापरणाऱ्याचा जादा खर्च शून्य आहे, तिथे दर वापरावर पैसे घेणे म्हणजे फुकटचे नुकसान. पैसे वसूल करता येतात, एवढ्यावरून ते करावेत असे ठरत नाही.

यातून वाट काढली जेम्स ब्युकॅननने, 1965 च्या क्लबविषयक लेखात. पोहण्याच्या तलावात दहा माणसे असतील तर अकराव्याने कोणाचे बिघडत नाही, पण शंभर झाली की कोणालाच धड पोहता येत नाही. म्हणून सभासद किती घ्यायचे हा खरा प्रश्न, आणि खर्च मुख्यतः वर्गणीतून निघतो.

चौथा, सामायिक वस्तूंचा प्रकार राहिला होता: वापरली की कमी पडते, पण अडवणे अवघड. एलिनॉर ऑस्ट्रॉमने तो पुस्तकातून नव्हे, जमिनीखालच्या पाण्यातून ओळखला. तिचा 1965 चा प्रबंध लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट बेसिन या भूजलसाठ्यावर होता. तिथे उपसा इतका वाढला होता की समुद्राचे खारे पाणी विहिरींत शिरू लागले. उपसा करणाऱ्यांनी न्यायालयात प्रत्येकाचा हिस्सा ठरवून घेतला, किनाऱ्यालगत गोडे पाणी जमिनीत सोडून खाऱ्या पाण्याला आडकाठी केली, आणि 1959 मध्ये स्थापन झालेल्या, जमिनीत पाणी परत भरणाऱ्या ‘पुनर्भरण जिल्हा’ या सार्वजनिक संस्थेने उपसलेल्या पाण्याच्या मापावर आकारणी ठेवली. 1977 मध्ये एलिनॉर आणि व्हिन्सेंट ऑस्ट्रॉम यांनी चारही प्रकार एका तक्त्यात मांडले.

इथे किंमत दीपगृहाच्या अगदी उलट चालते. उपसलेला प्रत्येक लिटर शेजाऱ्याच्या विहिरीतून कमी होतो, म्हणून वापरावरच दर हवा. आपल्याकडे बिनमीटर कृषिपंपाचे बिल अश्वशक्तीवर येत असे: पाच अश्वशक्तीचा पंप दोन तास चालला काय नि दहा तास चालला काय, बिल तेच. जास्तीच्या तासाचा दर शून्य, आणि पाणी मात्र शून्य खर्चाचे नाही. वर्गणीची पद्धत इथे चुकीच्या घरात येऊन बसली होती.

मीटर नसतानाही मर्यादा घालता येते, हे पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर दाखवले. त्यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीत पाण्याचा हक्क जमिनीला नव्हे, माणसाला मिळाला: दर माणशी अर्धा एकर भिजेल इतके, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा होता. योजनेच्या खर्चातला हिस्सा सभासदांनी स्वतः भरायचा होता आणि ऊस लावायला मनाई होती, कारण उसाचा एक एकर अनेक घरांच्या ज्वारीचे पाणी पिऊन टाकतो.