व्हाइट गोल्ड महाग का आणि रोझ गोल्ड स्वस्त का?

“व्हाइट गोल्डमध्ये सोने जास्त शुद्ध असते, म्हणून ते महाग, रोझ गोल्डमध्ये तांब्याची भेसळ, म्हणून ते स्वस्त, हे खरे का?”

नाही. हॉलमार्कवर १८के७५०, म्हणजे हजारात ७५० भाग सोने, असे असेल, तर दोन्हींच्या १० ग्रॅमच्या अंगठीत सोने ७.५ ग्रॅमच असते. फरक उरलेल्या अडीच ग्रॅमचा. रोझ गोल्डमध्ये तेथे मुख्यतः तांबे आणि थोडी चांदी असते, आणि त्या तांब्याची किंमत जेमतेम दोन-तीन रुपये भरते. व्हाइट गोल्डमध्ये निकेल वापरले असेल, तर धातूचा खर्च जवळपास तितकाच राहतो. मात्र पॅलेडियम हा महागडा पांढरा धातू एक ग्रॅम असेल, तर काही हजार रुपयांची भर पडते. (निकेलची अनेकांना ॲलर्जी असते, म्हणून हे विचारून घेतलेले बरे.) तो लखलखीत पांढरेपणा बहुधा वरच्या रोडियम या चकचकीत धातूच्या अतिशय पातळ मुलाम्याचा असतो, तो झिजला की अंगठीच्या आतल्या बाजूस पिवळसर छटा दिसू लागते आणि मुलामा पुन्हा द्यावा लागतो. मोडीत मात्र सराफ सहसा ७.५ ग्रॅम सोन्याचाच हिशेब धरतो, पॅलेडियमचा नव्हे. म्हणून बिलात सोन्याचा दर आणि घडणावळ वेगळी लिहून घ्यावी.